पेटीला एकच प्रश्न

समोर एक बंद पेटी आहे असं समजा. पेटीवर तीस बटणं आहेत आणि एक दिवा. प्रत्येक बटण चालू किंवा बंद ठेवता येतं. बटणं एका विशिष्ट पद्धतीने लावली की दिवा एक तर लागतो किंवा लागत नाही, आणि तीच मांडणी पुन्हा केली तर पुन्हा तेच होतं. पेटी उघडून आतल्या तारा बघायला बंदी आहे. मात्र पेटी देणाऱ्याने एक हमी दिली आहे. एक तर ही पेटी ‘स्थिर’ आहे, म्हणजे बटणं कशीही लावा, दिवा कायम एकाच स्थितीत राहतो. नाही तर ती ‘समतोल’ आहे, म्हणजे बरोबर निम्म्या मांडण्यांना दिवा लागतो आणि निम्म्यांना लागत नाही. यापलीकडे तिसरा प्रकार नाही. आपल्याला सांगायचंय ते एवढंच की ही पेटी कुठल्या प्रकारची आहे.

तीस बटणांच्या मांडण्या होतात १०७ कोटींहून अधिक. दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली की काम संपलं, पेटी समतोल. पण नशीब आडवं आलं तर? समतोल पेटीच्याही निम्म्या मांडण्या तेच उत्तर देतात, आणि आपण नेमक्या त्याच एकापाठोपाठ एक तपासत बसलो असू. म्हणून छातीठोक उत्तर हवं असेल, तर वाईटात वाईट परिस्थितीत ५३ कोटी ६८ लाख ७० हजार ९१३ वेळा पेटीला विचारावं लागतं. हा आकडा म्हणजे निम्म्या मांडण्या आणि वर एक. त्या शेवटच्या एका प्रश्नाने निकाल लागतो, त्याआधी नाही.

क्वांटम संगणक हीच पेटी एकदाच वापरून शंभर टक्के खात्रीचं उत्तर देतो. डेव्हिड डॉइच आणि रिचर्ड जोझा यांनी १९९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये हा प्रश्न मांडला आणि सोडवून दाखवला. या रीतीला डॉइच-जोझा अल्गोरिदम म्हणतात. त्याची मुळं सात वर्षं मागे जातात. ऑक्सफर्डच्या डॉइचने १९८५ साली क्वांटम संगणकाची कल्पना मांडताना एकाच बटणाच्या पेटीवर हा खेळ करून पाहिला होता. तेव्हाची रीत निम्म्या वेळा नेमकं उत्तर देई आणि उरलेल्या निम्म्या वेळा ‘कळलं नाही’ म्हणून हात वर करी. १९९२ची रीत कधीच चुकत नव्हती, मात्र तिला पेटी दोनदा वापरावी लागे. आज पाठ्यपुस्तकांत दिसतो तो एका फेरीचा सुटसुटीत अवतार १९९८चा, रिचर्ड क्लीव्ह, आर्टुर एकर्ट, कियारा माकियावेल्लो आणि मिशेल मोस्का यांचा. आपण तोच पाहू.

पण आधी त्या हमीकडे नीट बघायला हवं, कारण सगळा डाव तिच्यावर आहे. एकच बटण असेल तर पेट्या चारच संभवतात: दिवा कायम बंद, कायम चालू, बटणासारखा, बटणाच्या उलट. पहिल्या दोन स्थिर, पुढच्या दोन समतोल. म्हणजे तिथे हमीची गरजच नाही, जी पेटी हातात येईल ती दोन्हीपैकी एका गटात बसतेच. दोन बटणं झाली की मांडण्या चार आणि पेट्या सोळा होतात. त्यांत २ स्थिर, ६ समतोल आणि उरलेल्या ८ अधांतरी. दोन्ही बटणं चालू असतील तेव्हाच दिवा लागतो, ही साधी पेटी त्या आठांतली. तीन बटणांच्या २५६ पेट्यांपैकी हमीत बसतात फक्त ७२. बटणं वाढतील तसं हे प्रमाण झपाट्याने घसरतं. थोडक्यात, हमी देणारा माणूस जवळजवळ सगळ्या पेट्या आधीच बाजूला काढतो आणि मूठभर पेट्यांपुरता प्रश्न विचारतो. असा प्रश्न कृत्रिम वाटेल, आणि तो आहेच. क्वांटम संगणकाला जिंकता येईल अशी जागा शोधूनच तो रचलेला आहे.

आता अवजारं. साध्या बिटमध्ये ० किंवा १ असतो. क्यूबिटमध्ये दोन आकडे असतात, एक ० च्या नावे आणि एक १ च्या नावे. या आकड्यांना आयाम म्हणतात. क्यूबिट मोजला की ० किंवा १ यांपैकी एकच काहीतरी दिसतं. जो आकडा ज्याच्या नावे आहे त्याचा वर्ग म्हणजे ते दिसण्याची शक्यता. दोन्ही वर्गांची बेरीज १ असते. इथवर हे सगळं नाणेफेकीसारखंच वाटेल. फरक असा की आयाम उणेही असू शकतो. हिशेबाच्या वहीत एकाच खात्यावर शंभर जमा आणि शंभर नावे पडले की बाकी शून्य होते, तसे एकाच उत्तराच्या वाट्याला आलेले अधिक आणि उणे आयाम एकमेकांना खाऊन टाकतात. नाणेफेकीच्या शक्यतांना हे जमत नाही, त्या फक्त वाढतात. आयामांच्या या बेरीज-वजाबाकीला व्यतिकरण म्हणतात. (आयाम खरं तर संमिश्र संख्याही असू शकतात, पण आजच्या कामाला अधिक-उणे पुरेसे आहेत.)

गेट तीनच लागतील. एक्स गेट दोन आयामांची अदलाबदल करतं, म्हणजे ० चा १ आणि १ चा ०. सीनॉट गेट दोन क्यूबिटांवर चालतं: पहिला १ असेल तर दुसऱ्याची अदलाबदल, पहिला ० असेल तर काही नाही. तिसरं हॅडमार्ड गेट, आणि खरी करामत त्याचीच. ते ० ला दोन्हींत सारखं वाटतं, आणि १ लाही सारखंच वाटतं, पण १ मधून १ कडे जाणाऱ्या वाट्याला उणे चिन्ह लावतं:

```
H:  |0> -> ( |0> + |1> ) / √2
    |1> -> ( |0> - |1> ) / √2
```

हॅडमार्ड लागोपाठ दोनदा लावून बघा. ० पासून सुरू केलं तर पहिल्या वेळी ० आणि १ दोघांच्या नावे १/√2 येतात. दुसऱ्या वेळी त्यातल्या ० चे दोन तुकडे होतात: अर्धा ० कडे, अर्धा १ कडे. १ चेही दोन: अर्धा ० कडे आणि उणे अर्धा १ कडे. आता बेरीज करा. ० च्या नावे अर्धा अधिक अर्धा म्हणजे एक. १ च्या नावे अर्धा उणे अर्धा म्हणजे शून्य. आपण जिथून निघालो तिथेच परत आलो. नाण्याच्या बाबतीत असं होत नाही, एकदा उडवलेलं नाणं पुन्हा उडवून मूळच्या बाजूवर खात्रीने आणता येत नाही. हा साधा हिशेब पचला की पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

उदाहरण दोन बटणांचं घेऊ. बटणांसाठी दोन क्यूबिट आणि दिव्यासाठी तिसरा. पेटी अशी की दोन बटणांपैकी नेमकं एकच चालू असेल तर दिवा लागतो. ही समतोल आहे: `00` आणि `11` ला दिवा बंद, `01` आणि `10` ला चालू. क्वांटम संगणकात ही पेटी दोन सीनॉट गेटांनी बनते, पहिल्या क्यूबिटकडून तिसऱ्याकडे एक आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे एक. दोन्ही बटणं चालू असली की तिसरा क्यूबिट दोनदा उलटतो, म्हणजे होता तसाच राहतो.

पहिली पायरी तयारीची. बटणांचे दोन्ही क्यूबिट ० वर असतात. त्यांना एकेक हॅडमार्ड लावला की `00`, `01`, `10`, `11` या चारही मांडण्या एकदम उभ्या राहतात, प्रत्येकीचा आयाम १/२. इथे बरेच लेखक थांबून जाहीर करतात की संगणकाने आता चारही प्रश्न एकदम विचारले. ते खोटं नाही, पण नुसतं तेवढं कामाचं नाही. या क्षणी पेटी वापरून लगेच मोजमाप केलं तर चारांपैकी कुठली तरी एक मांडणी आणि तिचं उत्तर हाती येईल, बाकीची तीन गेली. ते तर फासे टाकूनही मिळालं असतं.

म्हणून दिव्याच्या क्यूबिटला वेगळ्या तऱ्हेने तयार करायचं. त्याला आधी एक्स लावायचा, म्हणजे तो १ होतो, आणि मग हॅडमार्ड. आता त्याच्याकडे ० च्या नावे अधिक १/√2 आणि १ च्या नावे उणे १/√2 आहेत. अशा क्यूबिटची अदलाबदल केली तर काय होतं? अधिक तिकडे गेला, उणे इकडे आला. म्हणजे क्यूबिट होता तोच राहिला, फक्त सगळ्याला मिळून एक उणे चिन्ह लागलं.

दुसरी पायरी पेटीची. ती एकदाच वापरायची. `00` ओळीत पेटी दिव्याला हात लावत नाही, ओळ तशीच राहते. `01` ओळीत ती दिवा उलटते, पण दिवा उलटूनही तसाच राहतो आणि एक उणे चिन्ह मागे उरतं. दिव्याचा क्यूबिट चारही ओळींत एकसारखाच आहे, तेव्हा ते चिन्ह त्या ओळीच्या खात्यावर मांडायला काहीच हरकत नाही. `10` चंही तसंच. `11` मध्ये दोनदा उलटापालट, म्हणजे दोन उणे मिळून अधिक. पेटीने उत्तर दिव्यावर लिहिलंच नाही. ते बटणांच्या ओळींवर चिन्हांच्या रूपात उमटलं:

```
            00     01     10     11
आधी        +1/2   +1/2   +1/2   +1/2
पेटीनंतर    +1/2   -1/2   -1/2   +1/2
```

क्वांटम संगणनात या युक्तीला ‘फेज किकबॅक’ म्हणतात. मला विचाराल तर अल्गोरिदममधली सगळ्यात सुंदर जागा हीच. उत्तराचा झटका उलटा बसतो, दिव्याऐवजी बटणांना.

चिन्हं उमटली खरी, पण दिसत नाहीत. आता मोजलं तर चारही ओळींची शक्यता १/४ च येईल, कारण वर्ग केला की उणे नाहीसं होतं. म्हणून तिसरी पायरी: बटणांच्या दोन्ही क्यूबिटांना पुन्हा एकेक हॅडमार्ड. आता प्रत्येक जुन्या ओळीतून प्रत्येक नव्या ओळीकडे वाटा जातो, आणि जिथे १ मधून १ कडे जायचं तिथे उणे लागतं. `00` या नव्या ओळीत १ नाहीच. तेव्हा तिच्याकडे येणाऱ्या कुठल्याही वाट्याला नवं उणे लागत नाही, पेटीने दिलेली चिन्हंच येतात आणि त्यांची नुसती बेरीज होते:

```
00 :  ( +1 -1 -1 +1 ) / 4 = 0
01 :  ( +1 +1 -1 -1 ) / 4 = 0
10 :  ( +1 -1 +1 -1 ) / 4 = 0
11 :  ( +1 +1 +1 +1 ) / 4 = 1
```

मोजलं की प्रत्येक वेळी `11` येणार. `00` येणं अशक्य.

आता पेटी स्थिर असती तर? दिवा कायम बंद असेल तर एकाही ओळीला चिन्ह लागत नाही. कायम चालू असेल तर चारही ओळींना उणे लागतं. पहिल्या बाबतीत `00` च्या नावे ४/४ म्हणजे एक, दुसऱ्या बाबतीत उणे एक. वर्ग दोन्हींचा एकच, तेव्हा मोजल्यावर खात्रीने `00`. म्हणून नियम असा: `00` आलं तर पेटी स्थिर, दुसरं काहीही आलं तर समतोल. समतोल पेटीत निम्मी चिन्हं अधिक, निम्मी उणे, म्हणून `00` ची बेरीज शून्यच होते, बटणं दोन असोत की तीस. तीस बटणांना हॅडमार्डही पहिल्यांदा तीस आणि शेवटी तीस लागतील, पण पेटीची फेरी एकच.

हे करून बघायचं असेल तर क्वांटम सर्किट लिहिण्याच्या ‘ओपनकॅझम’ या भाषेत आपलं उदाहरण एवढंसं आहे. साध्या लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरवर ते चालतं.

```
OPENQASM 2.0;
include "qelib1.inc";
qreg q[3];
creg c[2];
x q[2];
h q[0];
h q[1];
h q[2];
cx q[0],q[2];
cx q[1],q[2];
h q[0];
h q[1];
measure q[0] -> c[0];
measure q[1] -> c[1];
```

पेटी म्हणजे मधल्या दोन `cx` ओळी. त्या दोन्ही खोडल्या की पेटी स्थिर होते, दिवा कायम बंद, आणि पडद्यावर `00` येतं. फक्त `cx q[0],q[2];` ठेवली तर दिवा पहिल्या बटणामागे जातो. ती पेटीही समतोल, पण उत्तर यायला हवं पहिला क्यूबिट १ आणि दुसरा ०. किस्किटसारखी साधनं हे `01` असं छापतात, कारण ती क्रमांक शून्यचा क्यूबिट सर्वांत उजवीकडे लिहितात. त्याने निकाल बदलत नाही, `00` नाही म्हणजे समतोलच.

नवशिक्यांचा घात होतो तो `x q[2];` या ओळीत. ती राहून गेली तर प्रोग्रॅम तक्रार करत नाही, निमूटपणे चुकीचं उत्तर देतो. कारण असं की मग दिव्याच्या क्यूबिटकडे ० आणि १ दोघांच्या नावे अधिक १/√2 असतात. दोन सारख्या आकड्यांची अदलाबदल केली काय आणि न केली काय! चिन्ह लागत नाही, दोन हॅडमार्ड एकमेकांना रद्द करतात आणि कुठलीही पेटी दिली तरी `00` येतं. म्हणून आपलं सर्किट नेहमी आधी हमखास समतोल असलेल्या पेटीवर तपासायचं. स्थिर पेटीवर `00` आलं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, ते बिघडलेलं सर्किटही देतं. शेवटचे दोन `h` विसरलात तर लक्षण वेगळं दिसतं: चारही उत्तरं साधारण सारख्याच वेळा येतात. सुरुवातीचे, बटणांवरचे, विसरलात तरी तसंच.

पेटी देणाऱ्याने हमी मोडली तर काय, हेही बघण्यासारखं आहे. दोन्ही बटणं चालू असतील तरच दिवा लावणारी पेटी घ्या. चिन्हं अधिक, अधिक, अधिक, उणे. `00` ची बेरीज (1+1+1-1)/4 म्हणजे १/२, शक्यता १/४. उरलेल्या तिन्ही उत्तरांचीही शक्यता १/४ च येते. म्हणजे आपण चारातून एकदा ‘स्थिर’ म्हणू आणि तीनदा ‘समतोल’, आणि चारही वेळा चुकू. तीन बटणांच्या आठ मांडण्यांपैकी एकीलाच दिवा लागत असेल तर `000` चा आयाम ६/८ आणि शक्यता ५६.२५ टक्के. एका फेरीत ही फसवणूक पकडता येत नाही. पुन्हा पुन्हा चालवून उत्तरं कधी सर्व शून्यं तर कधी काही तरी दुसरं अशी मिसळ दिसू लागली, तर हमी खोटी आहे हे ओळखायचं. खऱ्या स्थिर किंवा समतोल पेटीत अशी मिसळ येऊच शकत नाही.

आता मला जी गोष्ट अनेकदा झाकलेली दिसते ती. ५३ कोटी विरुद्ध एक हा आकडा खरा आहे, पण तो पूर्ण, शंभर टक्के खात्री मागितली तरच. जरा सैल सोडा. साध्या संगणकाला सांगा, यादृच्छिक वीस मांडण्या निवड आणि विचार. वेगळी उत्तरं मिळाली तर समतोल. वीसही सारखी आली तर ‘स्थिर’ म्हणून मोकळा हो. समतोल पेटी असूनही वीस उत्तरं सारखी येण्याची शक्यता सव्वापाच लाखांत एक. बटणं तीस असोत वा तीनशे, वीस प्रश्न पुरतात. म्हणजे नाणं उडवायची मुभा असलेल्या साध्या संगणकासमोर क्वांटमचा हा विजय जवळजवळ विरून जातो.

शिवाय इथे मोजतो ते पेटीला विचारलेले प्रश्न, घड्याळातला वेळ नाही. आणि पेटीही क्वांटम पद्धतीने चालवता आली पाहिजे, एकाच वेळी अनेक मांडण्या तिच्यातून चिन्हं न बिघडवता गेल्या पाहिजेत. दुसऱ्या शहरातल्या एखाद्या सर्व्हरला प्रश्न पाठवून त्याने साधं हो-नाही कळवलं, तर त्यात अल्गोरिदमला करण्यासारखं काही उरत नाही. आणि वरच्या प्रोग्रॅमसारखी पेटी आपणच दोन `cx` लिहून बनवली असेल तर उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून हा अल्गोरिदम प्रयोगशाळेत चालवला जातो तो यंत्राची परीक्षा घ्यायला, काही शोधून काढायला नाही.

तशी पहिली परीक्षा १९९८ साली झाली. ऑक्सफर्डमध्ये जोनाथन जोन्स आणि मिशेल मोस्का यांनी सायटोसीनच्या रेणूतली हायड्रोजनची दोन केंद्रकं क्यूबिट म्हणून वापरली. अमेरिकेत आयझॅक च्वांग आणि सहकाऱ्यांनी क्लोरोफॉर्मचा रेणू घेतला, त्यातला हायड्रोजन एक क्यूबिट आणि कार्बन दुसरा. दोघांनीही चुंबकीय अनुस्पंदनाचं तंत्र वापरलं, म्हणजे रेडिओ लहरींच्या ठरावीक झटक्यांनी केंद्रकं फिरवणं हीच त्यांची गेटं होती. दोन्ही ठिकाणी पेटी एका बटणाचीच होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही अनिल कुमार यांच्या गटाने याच तंत्राने डॉइच-जोझा करून दाखवला. २००३ मध्ये इन्सब्रुकच्या संशोधकांनी सापळ्यात धरलेल्या कॅल्शियमच्या एका आयनावर तो चालवला.

खऱ्या यंत्रावर एक गंमत होते. प्रत्येक गेट किंचित चुकतं, क्यूबिट आजूबाजूच्या धक्क्यांनी आपली चिन्हं हळूहळू विसरतात, मोजमापही कधीमधी १ ऐवजी ० वाचतं. मग स्थिर पेटीलाही हजार फेऱ्यांत काही वेळा `01` किंवा `10` दिसतं. बहुमत घेऊन निकाल लावता येतो, पण ‘कधीच चुकणार नाही’ ही अट तिथेच संपली. साध्या संगणकावर मात करायला जी शंभर टक्के खात्री हवी होती, तीच आजच्या क्वांटम यंत्राकडे नाही.

नाणेफेकीच्या पळवाटेचं उत्तर शोधायला फार वेळ लागला नाही. १९९३ मध्ये ईथन बर्नस्टीन आणि उमेश वझिरानी यांनी पेटीची हमी बदलून फरक टिकवता येतो हे दाखवलं. १९९४ मध्ये डॅनिएल सायमन यांनी आणखी एक पेटी रचली. तिच्यात एक गुप्त मांडणी दडलेली असते, आणि कुठल्याही मांडणीतली तेवढी बटणं उलटवली तरी उत्तर तेच येतं. ती गुप्त मांडणी शोधायची. इथे साध्या संगणकाने कितीही नाणी उडवली तरी तीस बटणांना त्याला प्रश्न लागतात हजारोंच्या घरात, आणि प्रत्येक वाढीव दोन बटणांमागे हा आकडा दुप्पट होतो. क्वांटम संगणकाला लागतात बटणांच्या संख्येइतके किंवा थोडे जास्त. दोन्ही बाजूंचे हॅडमार्ड, मधे पेटी, शेवटी मोजमाप, हा साचा तोच. पीटर शोर यांनी त्याच वर्षी मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची रीत मांडली तेव्हा सायमनची ही कल्पना त्यांच्यासमोर होती. त्यांनी पेटीत दडवलेल्या गुप्त मांडणीच्या जागी आवर्तन ठेवलं आणि शेवटच्या हॅडमार्डांच्या जागी क्वांटम फूरिए रूपांतर.